तोच बाप, तेच वाक्य, दोन लेन्स : मग दोन वेगळी माणसं का दिसली?

येरळाकाठ
नमस्कार मंडळी. मी तासगाव भागातला. आम्ही चार मित्र मिळून बारा मिनिटांचा लघुपट करतोय. कॅमेरा माझा, म्हणून छायाचित्रणही माझ्याकडे आलं. लेन्सा दोन दिवसांच्या भाड्याने आणल्या, एक २४ मिलिमीटरची आणि एक ८५ ची.

सीन छोटा आहे. बेदाण्याच्या शेडमध्ये दोन रॅकच्या मधल्या गल्लीत बाप उभा राहून जाळीवरचा माल हाताने परततोय. मुलगा येतो आणि म्हणतो, "आबा, औंदा बाग काढून टाकू." बापाचा हात थांबतो. तो वर बघतो आणि म्हणतो, "काढ." एवढंच.

बाप म्हणजे माझे मामा. साखर कारखान्यात नोकरी करतात, नाटकात कधी काम केलेलं नाही. त्यांचा चेहरा आम्ही दोनदा घेतला. एकदा २४ ने, कॅमेरा अडीच फुटांवर. एकदा ८५ ने, कॅमेरा नऊ फुटांवर. दोन्हींत चेहरा चौकटीत साधारण सारखाच मोठा दिसेल अशी काळजी घेतली. रात्री लॅपटॉपवर लावलं तेव्हा चौघेही गप्प झालो. पहिल्या टेकमधला बाप आपल्यालाच जाब विचारतोय असं वाटतं. दुसऱ्यातला बाप हरलेला, रॅकमध्ये अडकलेला वाटतो. वाक्य तेच, मामा तेच, शर्टसुद्धा तोच.

दिग्दर्शक मित्र म्हणतो, दुसऱ्या टेकमध्ये मामा थकले होते. मला तसं वाटत नाही. हे लेन्समुळे होतं का? आणि तसं असेल तर सिनेमात भाव नक्की कोण ठरवतं, नट की कॅमेरामन? माझे काका कालच विचारत होते, "दिग्दर्शक सांगतो, नट करतो, मग मधला हा माणूस करतो काय?" मला नीट उत्तर देता आलं नाही.

स्टुडिओवाला_मिरज
सोपं आहे. २४ ही वाइड लेन्स, ती चेहरा ताणते. नाक मोठं, कान मागे. ८५ ही पोर्ट्रेट लेन्स, ती चेहरा सरळ ठेवते आणि मागचं सगळं जवळ ओढते. लग्नात नवरीचा चेहरा मी कधीच २४ ने घेत नाही. पंधरा वर्षं हाच धंदा आहे. लेन्सचा गुणधर्म आहे तो, बाकी काही नाही.

दंडोबा
नवरीचं नाक मोठं आलं तर स्टुडिओवाल्यांचं बिल लहान होतं, हा अनुभवाचा भाग झाला :)

बापू_इस्लामपूर
विषय निघालाच आहे तर विचारतो. मुलीचं लग्न वैशाखात आहे. शूटिंगवाला म्हणतो ड्रोन घ्या, क्रेन घ्या, भारी दिसतं. घ्यावं का? पैसे बरेच सांगतोय.

मधुरा_वि
बापू, तुमच्यासाठी वेगळा धागा काढूया, नाहीतर बेदाणा आणि अक्षता एकत्र होतील. मुलीला आशीर्वाद.

येरळाकाठ, मी कॅमेऱ्यातली नाही, सांगलीत हौशी नाटक करते. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी जिथे 'सीता स्वयंवर' केलं त्या गावात वाढल्यावर नाटकाशिवाय दुसरं काय करणार! तुमचा प्रश्न वाचून एक सुचलं. नाटकात तिकीट काढलं की प्रेक्षकाची खुर्ची ठरते. मी रंगमंचावर किती पुढे यायचं ते ठरवू शकते, पण सव्विसाव्या रांगेतल्या आजोबांना उचलून माझ्या तोंडासमोर आणून बसवू शकत नाही. तुम्ही पहिल्या टेकला प्रेक्षकाला मामांपासून अडीच फुटांवर बसवलंत आणि दुसऱ्याला नऊ फुटांवर. अडीच फुटांवर माणूस 'काढ' म्हणाला तर ते मला म्हटल्यासारखंच लागणार.

ट्रॉलीमागे
मधुराताईंनी मुद्द्यावर बोट ठेवलंय. मी वाईचा. बावीस वर्षं कॅमेरा खात्यात आहे. सुरुवात लेन्सच्या पेट्या उचलण्यापासून, मग अनेक वर्षं फोकस ओढला, आता छोट्या कामांना स्वतः छायाचित्रण करतो.

स्टुडिओवाले दादा, तुमचा अनुभव खरा आहे पण कारण उलटं लावलंय. चेहरा २४ ताणत नाही, अडीच फूट ताणतात. २४ ने चेहरा चौकटीत मोठा दिसायला हवा तर जवळ जावंच लागतं आणि जवळ गेलं की नाक कानापेक्षा कॅमेऱ्याला बरंच जवळ येतं. ८५ ने लांब राहता येतं, म्हणून नाक आणि कान जवळपास सारख्या अंतरावर येतात. वस्तूंचं एकमेकांशी नातं अंतर ठरवतं. लेन्स त्यातला किती भाग कापून दाखवायचा एवढंच ठरवते.

पटत नसेल तर उद्या दुकानात करून बघा. तिपाई एका जागी ठेवा, हलवू नका. आधी ८५ ने माणूस घ्या, मग त्याच जागेवरून २४ ने. २४ च्या फोटोतला माणूस कापून ८५ एवढा मोठा करा. फोटो दाणेदार दिसेल, मागचा धूसरपणा कमी असेल, पण नाक-कान आणि मागची भिंत यांचं प्रमाण हुबेहूब तेच येईल. फक्त माणूस चौकटीच्या मधोमध ठेवा. वाइड लेन्सच्या अगदी कडेला चेहरा गेला तर तो खरंच ओढल्यासारखा होतो, ती वेगळी गोष्ट.

येरळाकाठ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी मला तीन गोष्टी सांगा. नऊ फुटांवर गेलात तेव्हा मुलगा कुठे उभा होता? मामांची नजर कॅमेऱ्यापासून किती बाजूला होती? आणि अडीच फुटांवर मामांना कॅमेरा कसा वाटत होता?

स्टुडिओवाला_मिरज
पंधरा वर्षं नाक मोठं येतंय ते मी बघतोय. उद्या करून बघतो, मगच मान्य करीन.

गणिताचा_मास्तर
कराडला शाळेत शिकवतो. अंतराचा मुद्दा आकड्यांनी मांडता येतो. येरळाकाठ, मामांच्या मागे चौकटीत ठळक काय होतं आणि किती लांब?

येरळाकाठ
मागे निळ्या क्रेटची चळत होती. मामांपासून साधारण बारा फूट.

ट्रॉलीमागे दादा, तुम्ही नेमकं दुखऱ्या जागी विचारलंत. मुलगा गल्लीत मामांसमोर तीन फुटांवर होता. नऊ फूट मागे गेलो तर मुलाची पाठच मधे यायची. म्हणून ८५ चा टेक मी गल्ली सोडून शेजारच्या गल्लीतून, रॅकच्या फटीतून घेतला. दोन जाळ्या पुढे धूसर दिसतात. अंतर मोजून नऊ फूटच ठेवलं होतं आणि क्रेटची चळत कशीबशी चौकटीत बसवली. मामा मुलाकडेच बघत होते, त्यामुळे त्यांचा चेहरा बराचसा एका बाजूने आलाय. २४ ला कॅमेरा मुलाच्या खांद्याला चिकटून होता.

आणि मामांना कॅमेरा कसा वाटला ते आज विचारलं. म्हणाले, "अरे तोंडाजवळ भिंग आणून धरलंस, मला श्वास कोंडल्यासारखं झालं. नंतर तू लांब गेलास तेव्हा बरं वाटलं."

मधुरा_वि
म्हणजे आपण ज्याला जाब म्हणतोय तो कोंडलेला श्वास होता!

गणिताचा_मास्तर
करतो हिशोब. पहिल्या टेकला चेहरा अडीच फुटांवर, क्रेट साडेचौदा फुटांवर. म्हणजे क्रेट चेहऱ्याच्या मानाने जवळजवळ सहा पट लांब. तेवढीच ती बारीक दिसणार. दुसऱ्या टेकला चेहरा नऊ फुटांवर, क्रेट एकवीसवर. इथे फरक फक्त सव्वादोन-अडीच पटींचा. चेहरा दोन्हींत सारखाच मोठा ठेवलाय, तेव्हा दुसऱ्या टेकमध्ये मागची चळत पहिल्याच्या मानाने अडीच पट मोठी दिसली असणार. क्रेट हलली नाही, मामा हलले नाहीत, तरी ती मामांच्या पाठीशी येऊन उभी राहिली. 'अडकलेला' वाटण्याचं एक कारण हे असावं.

या गणितात लेन्सचा आकडा कुठेही लागला नाही, हे लिहिताना माझ्याही लक्षात आलं. फक्त अंतरं लागली.

ट्रॉलीमागे
मास्तर, हे आमच्या पोरांना शिकवायला या.

आता येरळाकाठ, तुम्ही लेन्स बदलली असं तुम्हाला वाटतंय, पण तुम्ही चार गोष्टी एकदम बदलल्यात. अंतर बदललं, त्याने क्रेट जवळ आली. नजरेचा कोन बदलला. पुढे जाळ्या आल्या. आणि मामांचा श्वास बदलला. यातली कोणती किती कामाला आली ते आता वेगळं करता येणार नाही. दिग्दर्शक मित्र 'मामा थकले' म्हणतो तेही संपूर्ण चूक नाही, मामा सैल झाले होते. त्याला ते थकल्यासारखं दिसलं.

माझ्या अनुभवात या चारांत सगळ्यात जड पडतो तो नजरेचा कोन. नट लेन्सच्या अगदी कडेने बघत असेल तर दोन्ही डोळे दिसतात आणि प्रेक्षक समोरच्या पात्राच्या जागी जाऊन बसतो. कॅमेरा बाजूला सरकत गेला की एक डोळा कमी दिसतो, मग नुसता गाल दिसतो आणि प्रेक्षक तिऱ्हाईत होतो. त्यात पुढे जाळी आली की तो चोरून बघणारा तिऱ्हाईत होतो. तुमचा दुसरा टेक असा आहे. बापाचं दुःख कुणीतरी शेजारच्या गल्लीतून बघतंय. वाईट नाहीये, पण तुम्हाला ते हवं होतं का, की मुलगा मधे येत होता म्हणून झालं?

काकांना हेच सांगा. तो माणूस काय करतो, तर बघणाऱ्याने कुठे उभं राहायचं ते ठरवतो, त्या जागेवर कसला उजेड पडेल ते ठरवतो आणि ती जागा कधी हलेल ते ठरवतो. दिग्दर्शकाशी बोलूनच, पण ठरवावं लागतं त्याला. आमच्या वाईजवळ मेणवलीत 'स्वदेस'चं चित्रीकरण झालं, पिक्चर २००४ चा. घाटावर आलेला पाहुणा आजही शाहरुख कुठे उभा होता ते विचारतो. तो जिथून दिसला ती जागा शोधणारे महेश अणे, त्यांना त्या कामाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण त्यांच्याबद्दल विचारणारा पाहुणा मला अजून भेटलेला नाही.

स्टुडिओवाला_मिरज
करून बघितलं. दुकानातल्या पोराला उभं केलं, तिपाई हलवली नाही. दोन्ही फोटो एकावर एक ठेवले. नाक तंतोतंत जुळलं. मागच्या कॅलेंडरचा आकारसुद्धा. ट्रॉलीमागे दादा, मान्य. पंधरा वर्षं नवरीला ८५ मुळे न्याय मिळतोय असं समजत होतो, तो आठ-नऊ फुटांमुळे मिळत होता.

पण एक शंका राहिली. ८५ ने फोकस पटकन जातो, ते तरी लेन्समुळेच ना?

येरळाकाठ
माझाही गेला होता. लेन्सचं छिद्र बरंच उघडं, एफ २ वर होतो. मामांनी मान वर केली आणि डोळे धूसर झाले. तीन टेक त्यात गेले.

ट्रॉलीमागे
हा प्रश्न मी फोकस ओढत होतो तेव्हा मलाही छळायचा. एकाच जागेवरून बघाल तर हो, ८५ चा फोकस कितीतरी बारीक. पण तुम्ही चेहरा सारखाच मोठा ठेवताय, म्हणजे २४ घेऊन पार जवळ जाताय. मग एफ २ वर दोन्हीकडे फोकसची खोली जवळपास सारखीच, चार-पाच बोटं… नाही, थोडी जास्त, साधारण पाच इंच. फरक मागे दिसतो. ८५ मध्ये मागची धूसर क्रेट मोठी होऊन येते म्हणून जास्त धूसर भासते. येरळाकाठ, तुमच्या सीनचा कणाच 'वर बघणं' आहे. ज्या हालचालीवर सीन उभा आहे तीच फोकसबाहेर जाणार असेल तर एफ २ चा हट्ट सोडा, ४ वर या.

आणि एक विचारायचं राहिलं. शेडनेट हिरवी आहे ना? मामांचा चेहरा कसा आलाय?

येरळाकाठ
हिरवा :( आजारी माणसासारखा. कॅमेऱ्यात रंग सुधारला तर चेहरा बरा झाला, पण शेडच्या उघड्या तोंडाकडून येणारा उजेड गुलाबी-जांभळा दिसायला लागला.

ट्रॉलीमागे
तसंच होणार. चेहऱ्यावरचा हिरवा काढायला तुम्ही सगळ्या चित्रात त्याचा विरुद्ध रंग मिसळलात. जिथे हिरवा नव्हताच तिथे तो उघडा पडला. हे कॅमेऱ्यात सोडवू नका, जागेवर सोडवा. मामांच्या ज्या बाजूला नेट आहे तिथे चौकटीबाहेर काळी चादर टांगा, हिरवा उजेड चेहऱ्यावर येण्याआधीच अडेल. मग उघड्या तोंडाकडचा साधा उजेड थर्माकोलच्या पांढऱ्या पाटीवरून चेहऱ्यावर फेका. मागे नेट हिरवी दिसली तर दिसू दे, ती हिरवीच आहे. थर्माकोलची पाटी आणि दोन चादरी, खर्च काही नाही. मात्र ऊन फिरलं की पाटी फिरवावी लागते, एक पोरगा फक्त त्यासाठी ठेवा.

अस्मिता७
सगळं वाचलं, शिकायला मिळालं. तरी मला वेगळं मत मांडायचंय. इतकं जवळ जायचंच कशाला? 'कोर्ट' सिनेमा आठवा. मृणाल देसाईंचा कॅमेरा लांब उभा, हलत नाही, कुणाच्या तोंडात शिरत नाही. माणूस त्याच्या जागेसकट दिसतो. तुमच्या गोष्टीत शेड हेच त्या बापाचं आयुष्य आहे. दोन रॅकच्या मधे छोटासा माणूस, मुलगा पाठमोरा, आणि "काढ" नुसतं ऐकू येतं. मला हा एकच शॉट पुरेल. चेहरा जवळून दाखवला की प्रेक्षकाला काय वाटायचं ते आपण सांगून मोकळे होतो.

मधुरा_वि
अस्मिता, हे अगदी नाटकाचं झालं, आणि मला आवडलंही. पण नाटकात शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला नट आवाज आणि शरीर मोठं करतो. मामा ते करणार नाहीत, त्यांनी करूही नये. त्यांच्याकडे जे आहे ते डोळ्यांत आहे. ते लांबून दिसेल?

अस्मिता७
हात दिसेल. जाळीवरचा हात थांबतो ना, तो लांबूनही दिसतो. उलट जवळच्या चेहऱ्याच्या शॉटमध्ये हात चौकटीतच नाही.

येरळाकाठ
हा मुद्दा मला लागला. आमच्या दोन्ही टेकमध्ये हात नाहीच. सीन लिहिताना हात आधी होता, शूट करताना तो राहूनच गेला.

मग मधला मार्ग सुचतोय तो सांगतो. लांबून सुरू करायचं, हात दिसेल असं, आणि हळूहळू चेहऱ्याकडे जायचं. खरं तर आम्ही एक टेक असा करूनही बघितला होता. पीव्हीसी पाइपवर स्केटची चाकं लावलेली घरची ट्रॉली. पण तो बघताना जाहिरात बघतोय असं वाटतं. का ते कळत नाही. झूमने केलं तर?

गणिताचा_मास्तर
झूम आणि ट्रॉली यांचा हिशोब वेगळा येतो, लिहूनच टाकतो. समजा कॅमेरा आठ फुटांवर आहे आणि ट्रॉलीने चारवर आला. चेहरा दुप्पट झाला. क्रेट मात्र वीस फुटांवरून सोळावर आली, ती फक्त सव्वापट वाढली. म्हणजे माणूस मागच्या जगातून सुटून पुढे येतोय. झूमने दुप्पट केलं तर चेहराही दुप्पट आणि क्रेटही दुप्पट. कॅमेरा जागेवरच आहे, म्हणून कोणाचंच कोणाशी नातं बदललं नाही, नुसता फोटो मोठा केला.

दंडोबा
म्हणजे ट्रॉलीत आपण उठून जवळ जातो आणि झूममध्ये बसल्या जागेवरून दुर्बीण लावतो. मास्तर, शाळेत तुम्ही असतात तर मी गणितात पास झालो असतो.

ट्रॉलीमागे
दंडोबांनी एका ओळीत सांगितलं. झूम वाईट नाही, पण तुमच्या सीनमध्ये मुलगा बापाकडे दुर्बिणीने बघत नाहीये.

ट्रॉलीचं 'जाहिरात' का झालं ते तुमच्याकडून दोन गोष्टी कळल्याशिवाय सांगता येणार नाही. किती सेकंदांत किती फूट गेलात? आणि कोणत्या शब्दावर निघालात?

येरळाकाठ
सहा फूट, साधारण पाच सेकंदांत, २४ लेन्सने. मुलगा "आबा" म्हणाला तेव्हाच ढकलायला सुरुवात केली आणि "काढ" ला पोचलो.

ट्रॉलीमागे
मग कळलं. पाच सेकंदांत सहा फूट म्हणजे अशा गप्प सीनला फारच वेग, त्यात २४. वाइड लेन्स जवळ नेताना प्रत्येक इंच जास्त जाणवतो, शेवटच्या दोन फुटांत चेहरा अंगावर येतो. शिवाय "आबा" लाच निघालात. प्रेक्षकाला अजून काहीच माहीत नाही, तोवर कॅमेऱ्याने घोषणा केली की आता काहीतरी मोठं येतंय. आणि बरोब्बर शब्दावर थांबलात, जणू तबल्याची सम. गाण्यात शोभतं ते.

मी काय केलं असतं तर ३५ लेन्स, आठ फुटांवरून चारपर्यंत, वीस ते पंचवीस सेकंद. इतकं हळू की बघणाऱ्याला ट्रॉली कळू नये, चेहरा कधी मोठा झाला तेही कळू नये. निघायचं "काढ" च्या नंतर. शब्द झाला, बाप पुन्हा माल परतायला लागला, आणि तेव्हा कॅमेरा सुटला. शब्दाने हलवलं म्हणून कॅमेरा हलला, असं वाटतं.

घरच्या ट्रॉलीचं एक पथ्य. शेडची जमीन मुरुमाची असणार. पाइपखाली लाकडाच्या पाचरी मारा आणि गवंड्याची पाणसळ ठेवून लेव्हल बघा. इतक्या हळू वेगात एक खडा जरी पाइपखाली राहिला तरी चित्र उचकी दिल्यासारखं हलतं. आणि ते छोट्या स्क्रीनवर दिसत नाही, घरी टीव्हीवर दिसतं. म्हणून टेक झाल्यावर मोठं करून रॅकच्या उभ्या पाइपकडे बघा. चेहऱ्यात ती उचकी लपते, सरळ रेषेत लपत नाही.

अस्मिता७
"काढ" नंतर निघायचं हे मला पटत नाही. शब्दानंतर कॅमेरा जवळ जातो म्हणजे प्रेक्षकाला सांगतो की बघा, हे किती दुःखाचं होतं. त्यापेक्षा मुलाच्या वाक्यावर, अगदी नकळत निघावं. बाप गप्प आहे, तेवढ्या गप्प राहण्यातच सगळा सीन आहे. तिथे जवळ जायला हवं, शब्दाला नव्हे.

ट्रॉलीमागे
अस्मिताताई, असं केलेलं मी पाहिलंय आणि ते चाललंयसुद्धा. पण मग गप्प बसणं किती सेकंदांचं आहे ते मामांना सांगून ठेवावं लागेल आणि मामा नट नाहीत. त्यांना मोजायला लावलंत की ते मोजतानाच दिसतील. व्यावसायिक नट असता तर कदाचित तुमच्या बाजूने गेलो असतो.

बापू_इस्लामपूर
क्रेनवाल्याला नको म्हणून सांगितलं. म्हटलं, पोरगी सासरी जाताना कॅमेरा जागेवर उभा ठेव आणि डोळे दिसतील अशा बाजूला राहा. तो म्हणाला, काका तुम्ही या लाइनीत होता का?

स्टुडिओवाला_मिरज
बापू, पाठवणीला शूटिंगवाल्याला सांगा, मुलीच्या पुढे उलटं चालत पळायचं नाही. आई जिथे उभी आहे तिच्या खांद्याशी राहायचं. मुलगी आईकडे वळून बघते तेव्हा तिथे असलात तर सगळं मिळतं. हे मात्र पंधरा वर्षांचं आहे, यात मी चुकणार नाही.

येरळाकाठ
काल शेडवर गेलो होतो. शूट नाही, नुसती परीक्षा, मामांना आणि मुलाचं काम करणाऱ्याला घेऊन. ट्रॉलीमागे दादांनी सांगितल्याप्रमाणे एका वेळी एकच गोष्ट बदलली. सगळं गल्लीतूनच घेतलं. मुलाला क्रेट पालथी टाकून लेन्सच्या कडेला खाली बसवलं, म्हणजे तो मधे येत नाही आणि मामांची नजरही जवळ राहते.

आधी २४, अडीच फूट. मग ८५, नऊ फूट. या वेळी दोन्हींत मामांचे दोन्ही डोळे दिसतात आणि 'हरलेला' बाप गायबच झाला! ८५ मध्ये क्रेटची चळत अगदी पाठीला आली, रॅकच्या जाळ्या एकमेकींवर चढल्या, जागा दाटली. पण बाप मात्र जाब विचारणाराच राहिला, फक्त कोंदट जागेत उभा राहून. म्हणजे पहिल्या दिवशी बाप बदलला तो मुख्यतः मी बाजूला गेलो म्हणून. अंतराने शेड बदलली होती.

मग ३५ लावली, मित्राकडून आणलेली. चेहरा तेवढाच ठेवायचा तर मास्तरांच्या हिशोबाने साडेतीन फुटांपेक्षा किंचित जास्त अंतर आलं. मामा म्हणाले, "इथं बरं आहे, इथून तू भाच्यासारखा दिसतोस." तिथे त्यांचा श्वास मोकळा झाला ते चित्रात दिसतंय. काळी चादर आणि थर्माकोलही केलं, चेहरा माणसाचा झाला.

ट्रॉली दोन्ही प्रकारे केली. शब्दानंतर निघालो ती उजवी वाटते, पण अस्मिताताईंच्या पद्धतीत एकदा मामांनी वर बघायच्या आधी हातातले दोन बेदाणे जाळीवर परत ठेवले, आणि तेव्हा कॅमेरा नेमका वाटेत होता. तसं पुन्हा होईल का माहीत नाही. दिग्दर्शक आणि मी अजून भांडतोय.

अस्मिता७
बेदाणे परत ठेवले! ते घ्याच.

ट्रॉलीमागे
सांगून करायला लावू नका, हात मुद्दाम दिसेल. दोन्ही प्रकारे घ्या, तीन-तीन टेक, मामांना कुठल्या वेळी कॅमेरा सुटतो ते सांगूच नका. लेन्स ३५, एफ ४, जमिनीवर आठ, सहा आणि चार फुटांच्या खुणा खडूने. फोकसवाला पोरगा चेहऱ्याकडे नव्हे, खुणांकडे बघेल.

शूट कधी आहे?

येरळाकाठ
रविवार ठरवला होता. पण शेडमालक म्हणाले, माल वाळलाय, शुक्रवारी रॅकवरून झाडून खाली घेणार. मग जाळ्या रिकाम्या. म्हणून गुरुवारी सकाळी आठला करतोय, ऊन नेटच्या वर यायच्या आत. मामांनी रजा टाकलीय.